क्रोमा शूट आणि केसांवरची हिरवी कड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थीच्या आधी भजनाचे व्हिडिओ, नाट्यस्पर्धेच्या दिवसांत नाटकांचे प्रोमो, आणि वर्षभर कोणाचं ना कोणाचं नाट्यगीत. फोंडा, डिचोली, साखळी, म्हापसा, कुठूनही फाइल आली तरी सोबतची तक्रार ठरलेली: "बाकी सगळं निघालं, केस तेवढे हिरवे राहिले." म्हणून ही उत्तरं केसांभोवतीच ठेवली आहेत. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच शूट डोळ्यांसमोर धरलंय: घरातला 18 बाय 12 फुटांचा हॉल, मोकळ्या कुरळ्या केसांची गायिका, छातीपर्यंतची फ्रेम, मागे हिरवा पडदा, आणि एडिटिंगमध्ये त्याच्या जागी लावायची आहे मांडवीवरची संध्याकाळ.

1. केसांना हिरवा रंग येतो तो नेमका कुठून?

दोन ठिकाणांहून, आणि ही दोन्ही एकच समजली जातात तिथेच गाडी अडते.

पहिलं म्हणजे खरं स्पिल. पडद्यावर पडलेला लाइट हिरवा होऊन परत फिरतो आणि केसांवर, गालाच्या कडेवर, खांद्यावर पडतो. केसांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि डोक्याच्या कडेला हा उजेड अगदी तिरका लागतो. तिरक्या कोनात कुठलीही वस्तू जास्त परावर्तन करते, म्हणून समोरून काळेभोर दिसणारे केस कडेला हिरवे चमकतात.

दुसरं म्हणजे मिसळलेला पिक्सेल. सुटा केस बऱ्याचदा एका पिक्सेलपेक्षा बारीक असतो. त्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि उरलेला मागचा पडदा, असं मिश्रण नोंदलं जातं. इथे केस हिरवा झालेला नाही, त्याच्या बाजूने पडदा दिसतोय. फोकस सुटला किंवा मान हलली की असे पिक्सेल वाढतात.

पहिल्याचा इलाज शूटच्या वेळी अंतर आणि काळ्या कापडाने होतो (प्रश्न 2). दुसऱ्याचा इलाज आहे अर्धपारदर्शक मॅट, म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं ते सांगणारं काळं-पांढरं चित्र (प्रश्न 9). कोणतं कुठे आहे ते ओळखायला फ्रेम 400 टक्के मोठी करून बघा. केसांच्या दाट भागात, जिथून मागचं काही दिसायचा प्रश्नच नाही, तिथे हिरवट झाक असेल तर ते स्पिल. फक्त सुट्या केसांच्या टोकांना असेल तर ते मिश्रण.

2. पडद्यापासून माणूस किती लांब उभा करायचा? आमचा हॉल लहान आहे.

निदान 6 ते 7 फूट. पण नुसत्या अंतरापेक्षा मोठा फरक पडतो तो केसांना किती हिरवं दिसतंय याने, आणि लहान हॉलवाल्यांच्या हातात असलेली गोष्टही हीच आहे.

आपला 18 फुटांचा हॉल घ्या. पडदा शेवटच्या भिंतीला, गायिका त्यापासून 7 फुटांवर, कॅमेरा तिच्यापासून 8 फुटांवर. कॅमेऱ्यामागे उभं राहायला 3 फूट उरतात. एपीएस-सी सेन्सर सुमारे 23.5 मिलिमीटर रुंद असतो. त्यावर 50 मिलिमीटरची लेन्स लावली तर 15 फुटांवरच्या पडद्याचा किती भाग फ्रेममध्ये येतो? 15 गुणिले 23.5 भागिले 50, म्हणजे जेमतेम 7 फूट रुंद. 16:9 फ्रेममध्ये उंची 4 फूट. बस, एवढाच पडदा कामाचा. हात हलवायला आणि फ्रेम थोडी सरकवायला जागा म्हणून 8 बाय 5 फूट धरा.

आता भिंतीवर तुम्ही लावलेलं कापड बघा: 12 फूट रुंद, 9 फूट उंच, म्हणजे 108 चौरस फूट. त्यातले 40 कामाचे आणि बाकीचे 68 चौरस फूट केसांवर आणि गालांवर हिरवा उजेड फेकायचं काम करताहेत. त्यातही बाजूचे भाग जास्त त्रासदायक, कारण त्यांचा उजेड वळसा घालून गालापर्यंत पोचतो. तो भाग काळ्या कापडाने झाका. जाड काळं सुती कापड चालतं, सॅटिन नको. जमिनीवर हिरवं पसरलेलं असेल तर गुंडाळून ठेवा, कारण पाय फ्रेममध्ये नाहीतच.

उरली हॉलची पांढरी भिंत. हिरवा उजेड तिच्यावर आपटून समोरून चेहऱ्यावर येतो. गायिकेच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या बाहेर, काळी चादर उभी धरली की हा रस्ता बंद होतो. जुन्या घरांत लाल सिमेंटची जमीन असते. तिथे खालून लालसर उजेड येतो, तर पायाशी काळं अंथरा.

4 फुटांवरून 7 फुटांवर सरकून आणि पडदा असा झाकून केलेला शॉट एडिटिंगला घेतला की फरक पहिल्या मिनिटात दिसतो: गालावरची कड गेलेली असते आणि केसांत उरतं ते बहुतांश मिश्रण, ज्यावर सॉफ्टवेअरचा खरोखर इलाज चालतो.

3. पडद्यावर लाइट सगळीकडे सारखा पडलाय हे मीटर नसताना कसं कळणार?

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डोळे लगेच जुळवून घेतात आणि मधला उजळ पट्टा दिसतच नाही.

कॅमेऱ्यात वेव्हफॉर्म, म्हणजे फ्रेममधल्या उजेडाचा आलेख, असेल तर माणूस बाजूला करा आणि नुसता पडदा दाखवा. हिरव्याची रेघ डावीकडून उजवीकडे सपाट आणि बारीक हवी. मध्ये फुगली तर मध्यभाग जास्त उजळ, जाड दिसली तर वर-खाली फरक.

वेव्हफॉर्म नसेल तर झेब्रा वापरा, म्हणजे ठरावीक उजेडाच्या वर गेलेल्या भागावर स्क्रीनवर उमटणारे पट्टे. अ‍ॅपर्चर बंद करून एकेक क्लिक उघडत जा. बहुतेक कॅमेऱ्यांत एक क्लिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. पडद्यावर कुठेतरी पहिला पट्टा उमटतो, तिथून पुढे सगळा पडदा पट्ट्यांनी भरेपर्यंत किती क्लिक लागले ते मोजा. एक क्लिक लागला तर उत्तम. दोन लागले तरी काम होईल. तीन म्हणजे एक स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा फरक. तेव्हा लाइट हलवा.

हलवायचे कसे? दोन सारखे लाइट, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण 4 फूट पुढे. प्रत्येकाचं तोंड जवळच्या कडेकडे नाही, पलीकडच्या कडेकडे. जवळच्या भागाला अंतर कमी असल्यामुळे तसाही जास्त उजेड मिळतो. लाइटचा मधला जोर लांबच्या कडेला दिला की दोन्ही बाजू बरोबरीत येतात. समोर पांढरं कापड किंवा सॉफ्टबॉक्स लावा. हे लाइट गायिकेच्या केसांवर पडता कामा नयेत, म्हणून त्यांच्या तिच्याकडच्या बाजूला पुठ्ठा लावा.

आणि हे मोजमाप फक्त त्या 8 बाय 5 फुटांत करायचं. काळ्याखाली झाकलेल्या कोपऱ्यांची चिंता करण्यात अर्थ नाही.

4. पडदा जितका उजळ तितका की चांगला ना?

नाही. एका हद्दीनंतर उलटंच होतं. स्पिल पडद्याच्या उजेडाच्या प्रमाणात वाढतं: पडदा एक स्टॉप उजळ केला की केसांवरचं हिरवं दुप्पट. शिवाय फार उजळ हिरवा फिका पडतो, पांढऱ्याकडे झुकतो आणि मग सॉफ्टवेअरला पकडायला रंगच उरत नाही.

चेहऱ्यासाठी एक्स्पोजर ठरवा, ते तसंच ठेवून स्पॉट मीटर पडद्यावर धरा. आकडा 0 आणि −1 च्या दरम्यान यायला हवा. वेव्हफॉर्मवर हिरवा 40 ते 50 च्या आसपास बसला की पुरे. मागचं दृश्य उजळ आकाशाचं असेल तर 0 च्या जवळ राहा, रात्रीचं असेल तर −1 कडे झुका. त्याहून खाली गेलात तर सावलीतला हिरवा आणि केसांचा काळा यांतलं अंतर कमी होतं आणि कड दाणेदार दिसते.

5. कापडाच्या सुरकुत्या, पावसाळ्यातले डाग, आणि घरची हिरवी भिंत: यातलं काय चालतं?

सुरकुती म्हणजे उजेड आणि सावलीची जोडी, त्यामुळे इस्त्री करा आणि चारही कडांना चिमटे लावून ताणा. 7 फूट मागे असलेला पडदा थोडा आउट ऑफ फोकस होतो, बारीक सुरकुत्या त्यातच विरतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कापडाला ओल धरते आणि बुरशीचे काळे ठिपके येतात; ते फ्रेमच्या भागात नसतील असं कापड उलटं-सुलटं करून लावा. घडी घालून कपाटात ठेवण्यापेक्षा नळीवर गुंडाळून ठेवलेलं बरं.

घरची हिरवी भिंत बहुतेक वेळा चालत नाही. ऑइल पेंट असेल तर लाइटचा चमकदार डाग पडतो, आणि भिंतींचा हिरवा फिकट असतो. चमक नसलेला, गडद शुद्ध हिरवा डिस्टेंपर मारलात तर गोष्ट वेगळी.

6. कॅमेऱ्यात काय सेट करायचं? 4:2:0 मध्ये केस निघतात का?

निघतात, पण एक युक्ती वापरावी लागते. 4:2:0 मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला मिळते, रंगाची मात्र दर चार पिक्सेलना एकदाच. की, म्हणजे हिरवा ओळखून काढायची क्रिया, रंगावर चालते, म्हणून केसाच्या कडा पायरीपायरीने तुटलेल्या दिसतात. अंतिम व्हिडिओ 1080 मध्ये द्यायचा असेल तर शूट 4K मध्ये करा. 4K 4:2:0 मधली रंगाची माहिती बरोबर 1920 बाय 1080 असते, म्हणजे लहान केल्यावर प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. कॅमेऱ्यात 10 बिट 4:2:2 असेल तर अर्थातच ते घ्या.

शार्पनेस सगळ्यात खाली ठेवा. कॅमेऱ्याचं शार्पनिंग प्रत्येक केसाभोवती उजळ-काळी रेघ ओढतं आणि ती नंतर कशानेच जात नाही. आयएसओ जमेल तितका कमी. अ‍ॅपर्चर f/4 ते f/5.6, म्हणजे कानामागच्या बटाही फोकसमध्ये राहतील, f/1.8 वर चेहरा छान दिसतो आणि केसांचा धूर होतो. शटर 25 फ्रेमला 1/50. मान जास्त हलणार असेल तर 1/100. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 1/60 वर साध्या एलईडी आणि ट्यूबलाइटचे पट्टे फिरताना दिसतात, आणि फिरणारा पट्टा म्हणजे दर फ्रेमला बदलणारा पडदा.

मोबाइलवर शूट करत असाल तर एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, एचडीआर बंद ठेवा आणि मागची मुख्य लेन्स वापरा. मोबाइलचं शार्पनिंग पूर्ण बंद होत नाही. म्हणून मोबाइलवाल्यांना माझा सल्ला असतो की केस बांधा: वेणी किंवा अंबाडा. मोकळे केस हवेतच असतील तर एका दिवसासाठी कॅमेरा भाड्याने आणा.

7. केसांना तेल लावून यायला सांगायचं की धुऊन?

आदल्या दिवशी धुतलेले, तेल न लावलेले. खोबरेल लावलं की सुटे केस खाली बसतात हे खरं, पण केस चकाकतात, आणि ही चकाकी समोर असलेल्या रंगाचीच असते. पडदा मागे असल्यामुळे डोक्याच्या वरच्या कडेला हिरवी रेघच उमटते. ती केसांच्या दाट भागावर असते, म्हणजे प्रश्न 1 मधलं अस्सल स्पिल.

आपल्या दमट हवेत कुरळे केस तासाभरात फुलतात, ही अडचण खरी आहे. तळव्यावर तेलाचे दोन थेंब चोळून हात फक्त वरच्या उडणाऱ्या केसांवरून फिरवा, भांग आणि कपाळाच्या बाजूला लावू नका. टेकच्या वेळी पंखा बंद. घाम येतो, चिडचिड होते, तरी बंद. घट्ट अंबाडा असेल तर तेल चालेल, कारण तिथे कड सरळ असते आणि ती चकाकी काढणं सोपं जातं.

8. मागून मॅजेंटा लाइट मारला की हिरवा कटतो असं ऐकलंय. करू का?

करू नका. हिशेब कागदावर बरोबर आहे: हिरव्यात मॅजेंटा मिसळला की पांढऱ्याकडे जातं. पण स्पिल सगळीकडे सारखं नसतं. जिथे हिरवं कमी तिथे केस जांभळे होतात, जिथे जास्त तिथे हिरवे राहतात, आणि एडिटिंगला एकाच्या जागी दोन रंग काढत बसावं लागतं.

मागून लाइट मात्र जरूर द्या, दृश्याच्या रंगाचा. मांडवीच्या संध्याकाळी सूर्य मागे आहे, तर गायिकेच्या मागून, वरून, एका बाजूने पिवळसर लाइट द्या. तो केसांच्या कडेवर हिरव्यापेक्षा कितीतरी जोरात पडतो, त्यामुळे स्पिल त्याच्यापुढे नगण्य ठरतं. वर संध्याकाळच्या दृश्यात त्या कडेला कारणही मिळतं. मागचं दृश्य ढगाळ दुपारचं असेल तर हाच लाइट खोटा वाटेल. तिथे तो पांढरा आणि मंद ठेवा.

9. की काढली की केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात. सोडले तर मागे हिरवा धूर राहतो. मधला मार्ग कोणता?

एकाच कीमधून सगळं काढायचा हट्ट सोडणे. चेहरा आणि खांद्यांना ठोस मॅट लागतो, केसांना मऊ. दोन थर करा. आफ्टर इफेक्ट्समधल्या `Keylight` वर क्रम असा:

आधी गायिकेभोवती सैल मास्क काढा, म्हणजे काळं कापड आणि स्टँड बाहेर जातील. मग `Screen Colour` चा ड्रॉपर केसांच्या अगदी जवळच्या हिरव्यावर टेकवा, कोपऱ्यात नाही. सॉफ्टवेअर त्या एका रंगाशी बाकीचे ताडून बघतं. जिथे नाजूक काम आहे तिथलाच नमुना द्या. `View` मध्ये `Screen Matte` निवडा. आता पांढरं म्हणजे माणूस, काळं म्हणजे पडदा आणि राखाडी म्हणजे अर्धपारदर्शक.

या थराची एक प्रत करा. खालचा थर गाभ्याचा: `Clip Black` आणि `Clip White` एकमेकांजवळ आणा, माणसाच्या आतलं सगळं पांढरंशुभ्र होईपर्यंत. मग `Screen Shrink/Grow` उणे 4–5 करा, म्हणजे हा मॅट कडेपासून आत सरकेल. याची कड कुरूप दिसेल, दिसू द्या. ती वरच्या थराखाली झाकली जाणार आहे.

वरचा थर केसांचा: `Clip Black` 3 ते 5, `Clip White` 95 च्या वर, `Screen Gain` मूळ 100 वर. यात कपाळावर किंवा दागिन्यांवर राखाडी भोकं दिसतील. काळजी नको, त्यामागे गाभ्याचा थर आहे. फक्त केसांच्या भागाकडे बघा: बटांची टोकं काळ्यात हळूहळू विरत गेली पाहिजेत. मागे पडद्याच्या जागी करडा धूर दिसला तर `Clip Black` एकेकाने वाढवा आणि पहिला केस तुटताना दिसला की तिथेच थांबा.

राहिलेला धूर केसांपासून लांब असेल तर मास्क आत घ्या. केसांतच असेल तर पडद्याचा उजेड असमान आहे, आणि त्याचं मूळ प्रश्न 3 मध्ये आहे. शूटच्या वेळी गायिका येण्याआधी, कॅमेरा न हलवता, रिकाम्या पडद्याचे दहा सेकंद घेऊन ठेवलेत तर इथे फार उपयोग होतो: दाविंची रिझॉल्व्हच्या फ्यूजनमधलं `Delta Keyer` अशी क्लीन प्लेट जोडून घेतं आणि पडद्याचा असमानपणा वजा करून की काढतं.

तपासताना मागे लगेच मांडवी लावू नका. आधी मधला राखाडी, मग भडक लाल रंग लावा. लालवर हिरवी कड लपूच शकत नाही. आणि क्लिप चालवून बघा. थांबलेल्या फ्रेममध्ये सुंदर दिसणारे केस चालू झाल्यावर उकळताना दिसतात.

10. हिरवं काढलं तर सोन्याच्या बांगड्या तांब्यासारख्या झाल्या आणि हळदीचा रंग केशरी. असं का?

कारण हिरवं काढायचं, म्हणजे डीस्पिलचं, सर्वसाधारण सूत्र सरासरीवर चालतं:

```
g = min(g, (r + b) / 2)
```

म्हणजे हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर तिथवर खाली ओढायचा. सोन्याच्या एका पिक्सेलचा रंग लाल 0.80, हिरवा 0.65, निळा 0.30 धरा. सरासरी 0.55. सूत्राने हिरवा 0.55 केला, सोनं तांबूस झालं. त्यात स्पिल नव्हतंच. पिवळ्या रंगात हिरवा मुळातच जास्त असतो. दुसरं सूत्र असं:

```
g = min(g, max(r, b))
```

इथे मर्यादा 0.80 ची, सोन्याला धक्काही लागत नाही. आता स्पिल असलेला काळा केस बघा: लाल 0.12, हिरवा 0.20, निळा 0.10. पहिल्या सूत्राने हिरवा 0.11 होतो, दुसऱ्याने 0.12. फरक जवळजवळ शून्य. म्हणून काळ्या केसांसाठी दुसरं सूत्र पुरेसं आहे, आणि त्यामुळे हळद, सोनं, पिवळी साडी वाचते.

मग सगळीकडे तेच का नाही? त्वचेमुळे. स्पिल लागलेला गाल लाल 0.75, हिरवा 0.62, निळा 0.45 असेल तर दुसरं सूत्र त्याला हातच लावत नाही, कारण हिरवा 0.75 पेक्षा कमीच आहे. सरासरीचं सूत्र तो 0.60 वर आणतं. तेव्हा गालाच्या कडेला सरासरी, केस आणि दागिन्यांना कमाल, आणि मध्ये सैल मास्क. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सूत्र लिहायची सोय नसेल तर दागिन्यांवर मास्क काढून तिथे डीस्पिल बंद ठेवा. तेवढ्याने काम भागतं.

11. आता हिरवं गेलं, पण केसांभोवती राखाडी किंवा काळपट कड आलीय.

राखाडी आणि काळपट, दोन्हींची कारणं वेगळी.

काळपट कड डीस्पिलमुळे येते. चित्राच्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के असतो. वरच्या उदाहरणातला केस 0.20 वरून 0.12 वर आणला की त्या पिक्सेलचा एक तृतीयांश उजेड गेला. जेवढं हिरवं काढलं तेवढाच उजेड मागच्या दृश्याच्या रंगात परत द्यावा लागतो. सोपा मार्ग: मागचं दृश्य खूप ब्लर करा आणि फक्त केसांच्या कडेच्या मॅटमधून थोडंसं वरून मिसळा. मांडवीच्या आकाशाचा केशरी उजेड बटांमध्ये शिरतो आणि कड आपोआप बसते. जास्त झालं तर डोक्याभोवती वलय दिसतं, तेव्हा मान हलताना बघूनच प्रमाण ठरवा.

राखाडी कड `Keylight` मध्ये `Replace Method` मुळे येते. तुम्ही `Clip White` खाली आणून अर्धपारदर्शक पिक्सेल ठोस केलात की त्यात भरायला त्याला रंग लागतो, आणि मूळ सेटिंगमध्ये तो मधला राखाडी असतो. `Replace Colour` मध्ये गायिकेच्या केसांचा गडद तपकिरी द्या. त्याहून बरं, केसांच्या थरात `Clip White` 95 च्या खाली आणूच नका (प्रश्न 9).

12. ओबीएसवर लाइव्ह कीर्तन करतो. तिथे इतकं काही नसतं, मग?

मग शूटच सुधारायचं, प्रश्न 2 ते 4. फिल्टरमध्ये `Similarity` 400 वर येतं. ते खाली आणत जा आणि पडदा नुकताच निघतोय तिथे थांबा. `Smoothness` थोडं वाढवलं तर केस मऊ राहतात. मागचं चित्र गडद आणि थोडं धूसर निवडलं की उरलेली खोट फारशी दिसत नाही.

13. हॉलमध्ये जागाच नाही. अंगणात पडदा लावून शूट केलं तर?

ढगाळ दिवशी अंगणातला उजेड इतका सारखा असतो की लाइटची गरजच पडत नाही. उन्हात मात्र पडद्यावर सावल्या फिरतात, आणि वाऱ्याने कापड फुगतं. खाली दगड बांधा.

पण आपल्याकडे वेगळीच अडचण येते. घर कुळागराला लागून असेल, किंवा पावसाळ्यात चारही बाजूंना झाडी असेल, तर झाडांवरून येणारा उजेड स्वतःच हिरवा असतो. तो मागून नाही, समोरून येतो, थेट चेहऱ्यावर आणि केसांच्या दर्शनी भागावर. ओळखायचं कसं? गायिकेच्या हातात पांढरा कागद द्या, तोंड कॅमेऱ्याकडे. कागद हिरवट दिसला तर झाडीचा उजेड येतोय. कागदावर व्हाइट बॅलन्स करून चेहरा सुधारतो, पण मग मागून येणारा लाइट मॅजेंटाकडे झुकतो. त्यापेक्षा गायिकेची पाठ झाडीकडे नको आणि तोंडही नको. घराच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी करा आणि झाडीच्या बाजूला काळी चादर टांगा.

14. नवरीच्या हातात हिरवा चुडा आहे, गजऱ्यात मरवा आहे. निळा पडदा घ्यावा का?

हिरवी साडी असेल तर निळा, विचार करायलाच नको. काळ्या केसांना निळा तसाही मानवतो: काळ्यावर उरलेली निळसर झाक डोळ्याला खुपत नाही, हिरवी लगेच दिसते. तोटा असा की सेन्सरवर हिरव्याचे बिंदू निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये दाणे जास्त येतात आणि निळ्या पडद्याला साधारण दुप्पट लाइट लागतो. दोनच लाइट असतील तर हा विचार आधी करा.

फक्त चुडा आणि मरवा असेल तर हिरवाच ठेवून काम होतं. चुडा मनगटावर असतो आणि हात शरीरासमोर असतो तोवर तो गाभ्याच्या भागात येतो. मनगटाभोवती मास्क काढून तिथे मॅट पूर्ण पांढरा करा आणि डीस्पिल बंद करा. काचेच्या बांगड्यांतून आरपार दिसतं, म्हणून हात पदराच्या किंवा अंगाच्या बाहेर, थेट पडद्यासमोर नेऊ नका. तिथे काचेतून दिसणारा पडदा आणि काच वेगळी करणं अशक्यच. नवरीला हात कमरेशी ठेवायला सांगितलं की प्रश्न सुटतो.

मरवा जास्त अवघड, कारण तो केसांच्या कडेलाच असतो. गजरा डोक्याच्या मागच्या बाजूला असेल आणि फ्रेम समोरून असेल तर फुलं कडेवर डोकावतात आणि त्यांच्यातली पानं नाहीशी होऊन भोकं पडतात. गजरेवालीला नुसता अबोलीचा गजरा द्यायला सांगा. अबोलीच्या केशरीत लाल भरपूर आणि हिरवा त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून दोन्ही सूत्रांत ती जशीच्या तशी राहते. मोगरा पांढरा असल्यामुळे त्यावर स्पिल सगळ्यात आधी दिसतं. तो हवाच असेल तर प्रश्न 10 मधलं सरासरीचं सूत्र त्याच्यावर बिनधास्त चालवा, पांढऱ्याला त्याने काही होत नाही.